फसलेल्या लॉगिनची उसळी : किती, यापेक्षा कुणाकुणाची

इंटरनेटवर उघड्या असलेल्या आणि पासवर्ड टाकून आत शिरता येणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनच्या नोंदी अखंड पडत असतात. जगभरातले स्वयंचलित प्रोग्राम दिसेल त्या पत्त्यावर admin, test, oracle, ubuntu अशी नावे आणि ठरावीक पासवर्ड टाकून पाहत राहतात, आणि दिवसाला अशा हजारो नोंदी होणे हे काही नवल नाही. त्यामुळे एखाद्या छोट्या कंपनीने ‘फसलेली लॉगिन अमुक आकड्यापलीकडे गेली की मला ईमेल पाठव’ असा साधा नियम बसवला, तर पहिल्या आठवड्यात इशाऱ्यांचा पाऊस पडतो, दुसऱ्या आठवड्यात ते ईमेल न उघडताच बाजूला सारले जातात, आणि खरी घटना घडते तेव्हा तिचा इशारा आला काय नि न आला काय, सारखेच. हा लेख त्या आकड्यातून नेमके काय मोजावे, याविषयी आहे.

उदाहरणासाठी आपण 45 कर्मचाऱ्यांची एक काल्पनिक कंपनी धरू. सुरक्षेसाठी वेगळा माणूस नाही. नेटवर्क, संगणक आणि सर्व्हर हे सारे एकच व्यक्ती सांभाळते. सर्वजण एका लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन करतात आणि तिथून आतल्या यंत्रांकडे जातात. या सर्व्हरवर अजून पासवर्ड चालतो. डेबियन किंवा उबुंटू असेल आणि त्यावर लॉग लिहिणारी rsyslog ही सेवा चालू असेल, तर लॉगिनच्या नोंदी सहसा `/var/log/auth.log` या फाइलमध्ये सापडतात. रेड हॅटच्या कुळातल्या प्रणालींवर त्याच नोंदी `/var/log/secure` मध्ये असतात.

आधी गोंगाट वेगळा काढा

फाइलमधल्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहू. वेळ आणि यंत्राचे नाव गाळले आहे आणि खऱ्या नावांऐवजी क्रमांकाची नावे घातली आहेत.

```
Failed password for invalid user oracle from 203.0.113.7 port 51514 ssh2
Failed password for user12 from 198.51.100.23 port 50112 ssh2
```

पहिल्या ओळीतले `invalid user` हे दोन शब्द आपले बरेच काम करून टाकतात. oracle नावाचे खाते या सर्व्हरवर नाहीच, म्हणजे हा प्रयत्न अंधारात मारलेला खडा आहे. पासवर्ड कोणताही असता तरी तो यशस्वी झाला नसता. दुसऱ्या ओळीतले खाते मात्र अस्तित्वात आहे. एक तर त्या कर्मचाऱ्याची बोटे चुकली आहेत, नाहीतर त्याचे नाव माहीत असलेले दुसरेच कुणीतरी दार वाजवत आहे. ‘नसलेल्या’ खात्यांच्या ओळी वगळल्या की दिवसाचे हजारोंचे आकडे अनेकदा काही डझनांवर येतात, आणि उसळी शोधायची ती या उरलेल्या आकड्यात.

एक अडचण मात्र उरते. root हे खाते प्रत्येक लिनक्सवर असते आणि हे प्रत्येक हल्लेखोराला ठाऊक असते, त्यामुळे ‘अस्तित्वात असलेल्या’ खात्यांच्या यादीत root एकटाच शेकडो ओळी खातो. www-data, backup अशी प्रणालीची स्वतःची खातीही त्यातच मिसळतात. म्हणून मोजणीसाठी ‘माणसांची खाती’ अशी वेगळी यादी हाताशी ठेवावी. छोट्या कंपनीत ती 45 नावांची असते आणि सांभाळायला अवघड नसते. root ला थेट लॉगिन बंद असावे हे योग्यच, पण तो या लेखाचा विषय नाही.

कोणत्या खात्यावर किती वेळा प्रयत्न फसले, हे पुढील आदेशाने दिसते. लॉग वाचायला प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि `zgrep` वापरल्यामुळे दाबून ठेवलेल्या जुन्या फाइलीही त्यात येतात.

```
zgrep -h -o -E 'Failed password for [^ ]+ from' /var/log/auth.log* \
  | sort | uniq -c | sort -rn
```

`for` आणि `from` यांच्यामध्ये एकच शब्द असावा, अशी अट असल्याने `invalid user` असलेल्या ओळी आपोआप गळतात. मात्र ही मोजणी दोन ठिकाणी फसते, आणि ती फसते हे माहीत नसेल तर पुढचा सगळा हिशेब कच्चा राहतो. पहिली गोष्ट म्हणजे लॉग लिहिणारी सेवा एकसारख्या ओळी कधीकधी एकत्र करते आणि `message repeated 3 times: [ Failed password for user12 ...]` असे लिहिते. आपला आदेश तिला एकच प्रयत्न समजतो, प्रत्यक्षात ते तीन असतात. दुसरी याच्या नेमकी उलट आहे. एकाच फसलेल्या प्रयत्नासाठी एसएसएच आपली ओळ लिहिते आणि त्याशिवाय `pam_unix(sshd:auth): authentication failure` अशी दुसरी ओळही पडते. घाईघाईने नुसता ‘fail’ हा शब्द शोधून मोजणाऱ्याचा आकडा त्यामुळे फुगतो. एकाच प्रकारच्या ओळी मोजाव्यात आणि पुनरावृत्तीचा आकडा वाचून त्यात मिळवावा, एवढे पथ्य पुरेसे आहे.

जाता जाता एक सावधगिरी. काही वेळा माणूस घाईत खात्याच्या नावाच्या जागी पासवर्डच टाकतो, आणि मग `invalid user` च्या पुढे तो पासवर्ड जसाच्या तसा लॉगमध्ये उमटतो. ही फाइल कुणालाही वाचायला देऊ नये, तिच्या प्रती ईमेलने फिरवू नयेत, त्याचे हे एक सबळ कारण आहे.

नेहमीचे म्हणजे किती?

उसळी ओळखायची तर आधी सपाटी ठाऊक हवी, आणि ही सपाटी दिवसभर सारखी नसते. सोमवारी सकाळी नऊ ते दहा या वेळेत सुट्टीवरून आलेली माणसे पासवर्ड आठवत असतात. पहाटे तीनला कुणीच नसते. म्हणून आजच्या सोमवारच्या नऊच्या तासाची तुलना मागच्या सोमवारांच्या नऊच्या तासाशीच करावी, कालच्या रात्रीशी नव्हे. इथे घड्याळाकडे लक्ष द्यावे लागते, कारण बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि लॉगमधला ‘सकाळचा तास’ कार्यालयाच्या सकाळपासून कित्येक तास दूर असू शकतो. शिवाय लॉगच्या जुन्या मांडणीत तारखेसोबत साल नसते. डिसेंबर-जानेवारीच्या उंबरठ्यावर नोंदींचा क्रम लावताना त्यामुळे गोंधळ होतो.

आपल्या कंपनीत मागच्या आठ सोमवारी, त्या एका तासात, माणसांच्या खात्यांवर फसलेले प्रयत्न असे होते : 7, 5, 9, 6, 31, 8, 6, 7. पाचव्या सोमवारच्या 31 चे कारण किरकोळ निघाले. एका कर्मचाऱ्याने पासवर्ड बदलला, पण त्याच्या संगणकावरची फाइली उचलून नेणारी एक स्क्रिप्ट जुनाच पासवर्ड पाठवत राहिली.

पुष्कळ जण इथे सरासरी आणि प्रमाण विचलन काढतात, आणि ‘सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने’ ही मर्यादा ठरवतात. या आठ आकड्यांची सरासरी सुमारे 9.9 येते आणि प्रमाण विचलन सुमारे 8.6, म्हणजे मर्यादा जवळजवळ 36 वर जाते. उद्या या तासात 30 फसलेले प्रयत्न झाले, म्हणजे नेहमीच्या चौपट, तरी हा नियम गप्प बसेल, कारण त्या एका बिघडलेल्या स्क्रिप्टने मोजपट्टीच ताणून ठेवली आहे. लॉगिनच्या आकड्यांत असे एखाददुसरे मोठे टोक नेहमीच असते, कारण माणूस तीन-चार वेळा चुकून थांबतो, पण यंत्र थांबत नाही.

मध्यक या बाबतीत जास्त भरवशाचा ठरतो. आकडे चढत्या क्रमाने लावले की 5, 6, 6, 7, 7, 8, 9, 31 असे दिसतात आणि मध्यक 7 येतो. आता प्रत्येक आकडा 7 पासून किती दूर आहे ते पाहू : 2, 1, 1, 0, 0, 1, 2, 24. या अंतरांचाही मध्यक काढला की 1 मिळतो. त्याला 1.4826 ने गुणले, म्हणजे ते माप प्रमाण विचलनाच्या तोडीचे होते. इथे ते सुमारे 1.5 आहे. मध्यकाच्या वर याच्या चौपट अंतर धरले, तर मर्यादा 7 अधिक 6, म्हणजे 13 येते. 31 चा तो सोमवार यादीत असूनही त्याने मर्यादेला धक्का लावला नाही, आणि 30 चा तास आता स्पष्टपणे उठून दिसेल. चार हा गुणक कोणत्या सिद्धांतातून आलेला नाही. तो आपल्या सोयीने कमीजास्त करावा.

ही पद्धत रात्री मात्र कोलमडते. पहाटे तीनच्या तासाचे मागचे आठ आकडे बहुधा सगळेच शून्य असतात, मध्यक शून्य, अंतरांचा मध्यकही शून्य, आणि मग जागरण करणाऱ्या एका कर्मचाऱ्याची एक चूकसुद्धा ‘उसळी’ ठरते. म्हणून एक तळमर्यादा घालावी : काहीही झाले तरी तासाला पाचपेक्षा कमी प्रयत्नांवर इशारा नको. 45 माणसांच्या कंपनीला पाच हा आकडा ठीक वाटतो. दहा माणसांच्या कंपनीत तीन पुरे.

एक रात्र, 39 प्रयत्न

आता एक बुधवार घेऊ. पहाटे दोन ते सहा या चार तासांत माणसांच्या खात्यांवर अनुक्रमे 9, 10, 9 आणि 10 असे फसलेले प्रयत्न दिसतात. तळमर्यादा ओलांडली गेल्याने इशारा येतो, आणि सकाळी जबाबदार व्यक्ती लॉग उघडून बसते. एकूण 38 ओळी आहेत. हाच आकडा एखाद्या सोमवारी दिवसभरात सहज होतो, त्यामुळे केवळ आकड्यावर थांबणारा माणूस ‘फारसे काही नाही’ म्हणून फाइल बंद करील.

ओळी एकाखाली एक वाचल्या की चित्र पालटते. 38 प्रयत्न 38 वेगवेगळ्या खात्यांवर आहेत, प्रत्येकावर नेमका एक. बहुतेक ओळींमध्ये सहा मिनिटांचे अंतर आहे. 02:06, 02:12, 02:18 असे. खात्यांची नावे वर्णानुक्रमाने येतात. पत्ते निरनिराळे आहेत, पण सगळे 198.51.100 ने सुरू होणाऱ्या एकाच पट्ट्यातले. पासवर्ड विसरलेली माणसे अशा क्रमाने विसरत नाहीत. हल्लेखोराने एक प्रचलित पासवर्ड घेऊन तो प्रत्येक खात्यावर एकदाच टाकून पाहिला आहे. एका खात्यावर अनेक पासवर्ड टाकले असते, तर काही चुकांनंतर खाते कुलूपबंद करणारी व्यवस्था जागी झाली असती. प्रत्येक खात्यावर एकच प्रयत्न केला, की ती व्यवस्था झोपलेलीच राहते.

आता त्या मालिकेतली पोकळी पाहावी. 02:06 पासून 05:54 पर्यंत दर सहा मिनिटांनी एक, असे 39 प्रयत्न व्हायला हवेत, आणि ओळी आहेत 38. 04:12 नंतरची ओळ थेट 04:24 ला येते. मधला 04:18 चा प्रयत्न फसलेल्यांच्या यादीत नाही, कारण तो फसलेला नाही :

```
Accepted password for user27 from 198.51.100.61 port 44870 ssh2
```

फसलेल्या लॉगिनची मोजणी करणाऱ्याच्या नजरेतून निसटते ती हीच ओळ. पासवर्ड बरोबर निघाला, की नोंद दुसऱ्या यादीत जाते आणि उसळीचा आकडा उलट एकाने कमी होतो. त्यामुळे इशारा आल्यावर पहिले काम एकच : ज्या पत्त्यांवरून, किंवा पत्त्यांच्या ज्या पट्ट्यातून, फसलेले प्रयत्न झाले, तिथूनच एखादे `Accepted` आले आहे का ते शोधणे.

```
zgrep -h 'Accepted .* from 198\.51\.100\.' /var/log/auth.log*
```

या ओळी आणखी एक गोष्ट सांगतात. कंपनीत खाती 45, प्रयत्न झाले 39 वर. उरलेली सहा खाती पाहिली, तर ती सगळी अलीकडच्या काही महिन्यांत रुजू झालेल्या लोकांची निघाली. म्हणजे हल्लेखोराच्या हाती नावांची यादी होती, पण जुनी. बहुधा कधीकाळी बाहेर पडलेल्या ईमेल पत्त्यांवरून बनवलेली. सर्व्हरच्या आतून ताजी यादी गेली असती, तर ती सहा नावेही त्यात आली असती. हा पुरावा पक्का नव्हे, पण तपासाची दिशा ठरवायला उपयोगी आहे.

user27 च्या बाबतीत त्यानंतर करायचे ते उघड आहे : चालू असलेली सत्रे तोडणे, पासवर्ड बदलणे, त्या खात्याच्या नावाने 04:18 नंतर काय काय झाले ते पाहणे, आणि त्या व्यक्तीला फोन करून पहाटे ती स्वतः तर कामाला बसली नव्हती ना, हे विचारणे. शेवटचा प्रश्न औपचारिक वाटला तरी विचारावाच.

तासाचा आकडा जे पाहत नाही

वरच्या प्रसंगात हल्लेखोराने घाई केली म्हणून तो सापडला. तोच मनुष्य दर सहा मिनिटांऐवजी दर तासाला एक प्रयत्न करता, तर कोणत्याही तासात उसळी दिसली नसती, आणि पहाटेच्या तासांनाही तळमर्यादेने झाकून टाकले असते. मर्यादा कितीही नेटकी बसवली, तरी तासाच्या मोजणीला हा प्रकार दिसतच नाही. म्हणून शेजारी दुसरे एक माप ठेवावे असे माझे मत आहे, आणि छोट्या कंपनीत दोन्हींपैकी एकच ठेवायचे झाले, तर मी हे दुसरे ठेवीन.

खरा कर्मचारी चुकतो तेव्हा पुढच्या काही मिनिटांत तोच, त्याच पत्त्यावरून, यशस्वीही होतो. चूक आणि तिच्यामागून येणारे यश अशी जोडी जमते. हल्लेखोराच्या प्रयत्नांना अशी जोडी सहसा नसते. तेव्हा मोजायचे ते असे : मागच्या 24 तासांत अशी किती वेगवेगळी खाती आहेत, ज्यांवर प्रयत्न फसला आणि त्यानंतर अर्ध्या तासात त्याच पत्त्यावरून लॉगिन झाले नाही? सोमवारच्या गडबडीतल्या बहुतेक चुका या मापातून गळून जातात. बिघडलेली स्क्रिप्ट 31 वेळा आपटली तरी तिचे खाते एकच, म्हणून ती एकच मोजली जाते. बुधवारच्या रात्रीची 38 खाती मात्र अडतीसच्या अडतीस उरतात. आणि तासाला एक प्रयत्न करणारा संथ हल्लेखोरही दिवसाअखेर जवळपास 24 खाती मागे ठेवून जातो. आपल्या कंपनीत हा आकडा एरवी शून्य ते तीन असतो. सहाला इशारा लावला तरी तो क्वचितच वाजेल.

पत्त्यावरून मोजणे, म्हणजे ‘एकाच पत्त्यावरून पाचपेक्षा जास्त खाती’ असा नियम, ऐकायला सोपा वाटतो. पण कार्यालयातली सगळी माणसे बाहेरून एकाच पत्त्यामागे दिसतात, त्यामुळे हा नियम सकाळी कार्यालयावरच ओरडतो, आणि दर प्रयत्नाला पत्ता बदलणाऱ्या हल्लेखोराला मात्र सोडून देतो. वरच्या मापात पत्ता वापरला आहे तो फक्त चूक आणि यश एकाच माणसाचे आहे का, हे जुळवण्यापुरता.

या मापालाही मर्यादा आहेत. दिवसाला दोन-तीनच खाती तपासणारा धीराचा हल्लेखोर यातून निसटतो, मात्र एकच पासवर्ड 45 खात्यांवर फिरवायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात. आणि ज्याच्या हाती बरोबर पासवर्ड आधीच आहे, तो फसलेली एकही ओळ न लिहिता आत येतो. त्याला शोधायचे तर `Accepted` ओळींमध्ये अनोळखी पत्ते आणि अवेळा पाहाव्या लागतात, ते काम वेगळे. सर्व्हरवर पासवर्ड बंद करून फक्त किल्लीने प्रवेश ठेवला, तर `Failed password` ओळी जवळपास नाहीशा होतात, तेव्हा हाच हिशेब ईमेल किंवा इतर सेवांच्या लॉगवर न्यावा लागतो. तिथे ओळींची मांडणी निराळी असते, पण वेळ, खाते, पत्ता आणि निकाल या चार गोष्टी बहुतेक ठिकाणी मिळतात.

नियम सुरू करण्यापूर्वी तो जुन्या लॉगवर चालवून पाहावा. यासाठी जुना लॉग शिल्लक असावा लागतो, आणि डेबियनच्या मूळ मांडणीत या फाइली दर आठवड्याला फिरवून चारच जुन्या प्रती ठेवल्या जातात; म्हणजे वरचे आठ सोमवार मिळवायचे, तर `logrotate` च्या मांडणीत हा आकडा आधीच वाढवलेला असला पाहिजे, आणि प्रत दुसऱ्या यंत्रावरही जात असली पाहिजे, कारण सर्व्हरमध्ये शिरून वरचे अधिकार मिळवलेला मनुष्य तिथला लॉग पुसू शकतो. मागच्या दोन महिन्यांवर नियम चालवल्यावर आठवड्याला एक-दोनपेक्षा जास्त इशारे निघत असतील, तर मर्यादा एकाने वाढवून पुन्हा चालवावा. आणि एकही निघत नसेल, तर बुधवारच्या रात्रीसारख्या 38 ओळी त्या जुन्या लॉगच्या प्रतीत मुद्दाम घालून तो वाजतो का, ते तपासावे.